फळीच्या मापाची भाकरी

आमची कडक भाकरी एका मोठ्या सुपरमार्केटच्या दुकानांत ठेवावी, म्हणून मी सासूबाईंना घेऊन त्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात गेले. कुठला माल घ्यायचा हे ठरवणारे साहेब माझ्याहून लहान होते. मार्जिन, बारकोड, फूड लायसन्स, भाकरी किती महिने टिकते, सगळी उत्तरं मी पाठ करून गेले होते.

साहेबांनी एक तुकडा खाल्ला आणि पाकीट उचलून कोपऱ्यातल्या नमुन्याच्या रॅकवर उभं करायला गेले. ताटाएवढी भाकरी ती, वरच्या फळीला अडली. आडवी ठेवली तर नाव छताकडे.

"चव मस्त आहे, मॅडम. पण नाव दिसलं नाही तर गिऱ्हाईक हात कशाला लावेल? लहान करून आणा. सोलापुरातल्या दोन दुकानांत तीन महिने ठेवून बघू."

माझं डोकंच फिरलं. आमची भाकरी म्हणजे काय बिस्कीट आहे? मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "करतो की!"

घरी येऊन त्या हौसेनं थापायला बसल्या. दहा भाकरी केल्या, दहाही ताटाएवढ्या. इतक्या वर्षांचा हात, तो काही ऐकेना. मग मी बसले. माझी पहिलीच भाकरी मापात बसली.

लग्न झाल्यापासून "ही भाकरी हाय का पुरी?" म्हणून मला हसणाऱ्या सासूबाईंनी परात माझ्याकडे सरकवली.

"तूच कर बाई. तुज्या पहिल्यापासनं दुकानाच्याच मापाच्या हायेत."