काउंटरवरचं अभिनंदन

रक्ततपासणीच्या त्या लॅबचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई चिडल्या की चष्मा काढून पुसत बसतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तर चष्म्याची काच झिजायची वेळ आली होती.

झालं होतं असं. काउंटर सांभाळणारीला सगळे रेडिओ म्हणायचे. मनाने सोनं, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. एक सासूबाई आपला साखरेचा रिपोर्ट न्यायला आल्या. त्यांची सून आदल्याच दिवशी गरोदरपणाची तपासणी करून गेलेली. रेडिओला आनंद आवरेना. "मावशी, अभिनंदन! आजी होणार तुम्ही!" तेही भरल्या काउंटरवर, खणखणीत आवाजात.

सुनेने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. मागच्या खेपेला मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी थोडे महिने गप्प राहायचं तिचं आणि नवऱ्याचं ठरलेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांचे फोन येऊन गेले. दुसऱ्या सकाळी ती लॅबमध्ये आली. "माझ्या पोटातली गोष्ट माझ्याआधी तुम्ही सांगून टाकलीत," एवढंच म्हणाली आणि बाकावर बसून राहिली. मोठ्या बाईंना वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लॅबचे मालक असलेल्या डॉक्टरांनी केबिनमध्ये निकाल लावून टाकला. "रेडिओला आजच काढा. आणि त्या मुलीला सांगा, सासूने अंदाज बांधला असेल, आमच्याकडून काही बाहेर गेलेलं नाही."

"यातलं एकही मी करणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, लॅब माझी आहे!"

"आणि माणसं माझ्या हाताखालची आहेत. तिने पैसे घेऊन बातमी विकली नाही, डोकं न वापरता बडबडली. आजवर तिला कोणी लेखी सोडा, तोंडी तरी टोकलं होतं? अहो, तुम्हीच रोज केबिनमधून ओरडता, त्या काविळीवाल्यांचं काय झालं म्हणून! तिला काढलं तर उद्या दुसरी येईल आणि हेच ऐकून हेच शिकेल. वर त्या मुलीशी खोटंही बोलायचं? माझी जीभ नाही वळणार. मला काढायचं तर काढा."

डॉक्टरांनी पेन आपटलं. बाई बाहेर आल्या त्या सरळ त्या सुनेपुढे. "चूक आमचीच आहे. आमच्या माणसाने तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता सांगितली. जे गेलं ते मला परत आणता येत नाही, पण यापुढे तुमच्याखेरीज कोणाला काही कळणार नाही. तक्रार करायची असेल तर जरूर करा, कुठे करायची तेही मी सांगते."

मग रेडिओला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि आधी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मला वाटलं आनंदाची बातमी..."

"आनंदाची होती गं, पण तुझी होती का?"

रेडिओ ढसाढसा रडली. बाईंनी रडू दिलं, पण सूट दिली नाही. लेखी ताकीद दिली: पुन्हा असं घडलं तर नोकरी जाईल. रिपोर्ट कोणाला द्यायचा, कोणाला नाही, हे नीट शिकेपर्यंत काउंटर बंद, मागे नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. पगाराला मात्र हात लावला नाही. बाहेर काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा पडदा रांगेला दिसणार नाही असा वळवला, नावाऐवजी नंबर पुकारायला लावला आणि ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात किंवा त्याने लिहून दिलं असेल त्याच्याच, असा नियम सगळ्यांना समोर बसवून समजावला. डॉक्टरांनाही. ते घड्याळाकडे बघत बसले होते.

महिन्याभराने रेडिओ परत काउंटरवर आली. आणि बघा, योग कसा असतो! त्याच सासूबाई दारात हजर.

"काय गं, सूनबाई काल येऊन गेली ना? काय निघालं तपासणीत?"

"मावशी, तुमची साखर सांगते. त्यांचं त्यांना विचारा."

"अगोबाई! तेव्हा तर अभिनंदन करत होतीस!"

सासूबाई तडक केबिनमध्ये गेल्या. जुनी ओळख, डॉक्टर स्वतः उठून बाहेर आले. "अगं, घरच्याच आहेत या. सांगून टाक ना, काय बिघडतं?"

सगळी रांग बघायला लागली. मोठ्या बाईंचा हात चष्म्याकडे गेला. आता ही पाघळणार, असंच त्यांना वाटलं.

रेडिओचा आवाज तोच, खणखणीत. "साहेब, तेव्हा सांगितलं म्हणून काढत होतात. आता सांगत नाही म्हणून काढा!"

डॉक्टर काही बोलायच्या आत मोठ्या बाई येऊन रेडिओच्या शेजारी उभ्या राहिल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "सुनेलाच विचारा तुम्ही."

रेडिओने घसा साफ केला आणि पुढचा नंबर पुकारला.