जिभेने मापलेलं पाणी

मरोळच्या गावठाणात लग्न ठरलं की आधी स्वयंपाकासाठी सेलिनाला तारीख मोकळी आहे का ते विचारायचे आणि मग चर्चमध्ये जायचे. ही गोष्ट सेलिना स्वतःच सांगायची, आणि इतकी वर्षं सांगत आली की शेवटी गावठाणानेही ती खरी धरली. बरं, बाई बढाईखोर असली तरी तिचा हात खोटा नव्हता. तिच्या सरपतेलासाठी, डुकराच्या मांसाच्या त्या आंबट-तिखट कालवणासाठी, वसई-उत्तनचे पाहुणे दुपारपासून ताटकळायचे. तिच्या स्वयंपाकघरात मापाचा चमचा नव्हता, काटा नव्हता. पातेल्यात पळी फिरवायची, तळहातावर एक थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटायचे. डोळे उघडले की मीठ किती कमी आहे ते तिला कळलेलं असायचं. कुणी कृती लिहून मागितली तर ती फाडकन म्हणायची, "लिहून काय घेतेस? तुला जीभ नाय काय?"

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिची ती जीभ गेली. तापातून ती उठली तेव्हा चहा आणि कोमट पाणी यांत तिला फरक कळेना. वास हळूहळू परतला, तोही अर्धामुर्धा. गोड थोडं कळायला लागलं. मीठ मात्र परतलंच नाही, चिमूटभर कोरडं मीठ जिभेवर ठेवलं तरच कुठे काहीतरी चुरचुरायचं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं, पण अल्फान्सो त्याच लाटेत गेला, आणि त्याच्या जाण्यापुढे चवीचं रडगाणं गायचं कोणत्या तोंडाने? मग न सांगण्याची सवय झाली. हात सवयीने चालत राहिले. पण स्वयंपाकात शेवटचा शब्द जिभेचा असतो, आणि तिथे सेलिना आता चक्क अंदाजपंचे करत होती. लग्नांची बोलावणी थांबली. "आता लोकांना केटररचं बुफे पाहिजे, पनीर पाहिजे," असं ती सगळ्यांना सांगायची. स्वतःलाही सांगायची.

घरात मुलगा ॲड्रियन, सून विनी आणि त्यांचा सव्वा वर्षाचा नॅथन. ॲड्रियन विमानतळावर कार्गोत, विनी चकाल्याला विम्याच्या ऑफिसात. दोघं घराबाहेर, म्हणून नॅथन आजीच्या कडेवर. पोरगं होतंही तसंच, आजीच्या गळ्यातला क्रूस तोंडात धरून झोपणारं.

मे महिन्यात नॅथनला जुलाब लागले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी ओआरएसची पाकिटं आणि झिंकचं औषध दिलं. विनीची रजा मंजूर झाली नाही. निघताना तिने ओट्यावर लिटरची बाटली ठेवली आणि सासूला बजावलं.

"ममा, पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर पाणी. उकळून गार केलेलं. चमच्या-चमच्याने द्या. त्यात दुसरं काही घालू नका हं."

"मी दोन पोरं वाढवली, विनी," सेलिना म्हणाली. "जा तू, बस चुकेल."

सेलिनाने सगळं सांगितल्याप्रमाणेच केलं, हे तिच्या बाजूने म्हटलंच पाहिजे. पाकीट अख्खं, पाणी मोजून लिटरभर. पण पोराने दोन चमचे घेतले आणि तिसरा थुंकला. जुलाबात मळमळतं, पोरं थुंकतातच. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने सुरुवात करायची, एवढंच करायचं असतं. सेलिनाने मात्र तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती. थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले.

नुसतं पाणी! ना मीठ, ना काही. पाकिटातही भेसळ करतात मेले, असं पुटपुटत तिने मिठाची बरणी उघडली. चिमूट टाकली, चाखलं. अजून एक. जिभेवर काहीतरी लागेपर्यंत ती टाकत राहिली. मग एवढं मीठ पोराला कसं जाणार, म्हणून वर साखर. थोडी जास्तच, अंगात ताकद यावी म्हणून. बाटली हलवली आणि नॅथनच्या ओठांना कप लावला.

पहिल्यांदा त्याने तोंड फिरवलं. दुपारनंतर मात्र तो पिऊ लागला, आणि कसा! कप दोन्ही हातांनी ओढून गटागटा. कप काढला की रडायचा. सेलिनाचा ऊर भरून आला. कित्येक महिन्यांत तिच्या हातचं कुणी असं हावरटासारखं मागून घेतलं नव्हतं. तिने विनीला फोन करून सांगितलं, "बघ, माझ्या हातचं कसं पितो! पाकिटवाल्यांना काय येतंय?" विनी परतीच्या बसमध्ये होती, गाडीच्या आवाजात तिला शेवटचं वाक्य ऐकूच गेलं नाही.

जुलाब कमी झाले नाहीत, वाढले. जितकं पोटात जाई, तितकं पाण्यासारखं बाहेर येई. सेलिनाने जुन्या बायांसारखा सरळ हिशोब केला: जास्त जातंय, म्हणजे जास्त द्यायला हवं. दुसऱ्या दिवशी नवी बाटली, तीच रीत, साखर आणखी थोडी. संध्याकाळी विनी घरी आली तेव्हा नॅथनचं रडणं बदललेलं होतं. बारीक, किरटं, मांजराच्या पिलासारखं. हात लावला की तो दचकायचा. विनीने त्याला उचललं, ती बाटली पिशवीत टाकली आणि ॲड्रियनला फोन करून थेट हॉस्पिटल गाठलं. सेलिना चपला अडकवून मागे धावली.

तिथे बालविभागात डॉ. गंधाली होत्या. वय तिशीचं, आवाज थकलेला. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती मळलेल्या कणकेसारखी लागली. सुई लागली, सलाइन सुरू झालं, रक्त मशीनवर गेलं आणि आकडा आला.

"सोडियम एकशे अडुसष्ट आहे. दीडशेच्या वर जाताच कामा नये. काय पाजलंत याला?"

"ओआरएस," विनी म्हणाली. "लिटरला एक पाकीट. ममांनी बनवलं."

"त्यात काही घातलं? मीठ, साखर?"

सगळे सेलिनाकडे बघू लागले. ॲड्रियनही तोवर पोचला होता. 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न 'का' असणार, आणि त्या 'का'मागे तिची सगळी इज्जत झाकून ठेवलेली होती.

"नाय," सेलिना म्हणाली. "पाकीटच."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्या विनीला समजावू लागल्या, पण सांगत होत्या सगळ्यांना. आतड्याच्या अस्तरात सोडियम आत नेणाऱ्या वाटा असतात. त्यातली एक वाट साखरेशिवाय उघडत नाही: ग्लुकोजचा एक कण आणि सोडियमचे दोन, असे जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. एवढ्या जुलाबातही ही वाट चालू राहते, म्हणून तर पाकिटाने जीव वाचतात. पण म्हणूनच माप नेमकं लागतं. पाकिटातलं पाणी रक्ताहून थोडं पातळ ठेवलेलं असतं, म्हणजे पाणी आतड्यातून रक्ताकडे वळतं. साखर वाढवली तर ती सगळी त्या वाटेत मावत नाही. उरलेली आतड्यात पडून राहते आणि उलट रक्तातलं पाणी आपल्याकडे ओढून घेते.

"मग जुलाब वाढतात," डॉक्टर म्हणाल्या. "पाणी बाहेर जातं आणि जादाचं मीठ रक्तात साचतं. पोराला भयंकर तहान लागते. ते मिळेल ते पितं. घरच्यांना वाटतं, छान पितोय."

 चिरलेल्या कैरीला मीठ-साखर चोळून ठेवलं की सकाळी फोडी आक्रसून जातात आणि बरणी पाण्याने भरते. हे सेलिनाला कुणी शिकवायला नको होतं, हजार बरण्या भरल्या होत्या तिने. पोराच्या पोटात तिने लोणचं घातलं होतं.

नॅथन कुरकुरला. विनीने सवयीने पिशवीतून बाटली काढली आणि कप भरून त्याच्या तोंडाशी नेला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"नको देऊ!" सेलिना ओरडली. कप तिने हिसकावला तो अर्धा तिच्याच अंगावर सांडला. "नको देऊ, विनी. मी घातलंय. मीठ पण, साखर पण. मला ते नुसतं पाणी लागलं. मला कायच लागत नाय गं. करोनापासून माझी जीभ मेली आहे."

डॉक्टरांनी कपात उरलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकलं आणि बाटली बेसिनमध्ये ओतली. मग नर्सला सलाइनचा वेग कमी करायला सांगितलं. मीठ घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येते. दोन दिवस तरी लागणार होते.

 ॲड्रियन खाली बघत होता.

"माहीत होतं, ममा," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"मीठ. पहिल्यापासून. सगळ्यांनाच माहीत होतं. सायमन अंकलच्या पोरीच्या लग्नात पाहुण्यांनी ताटं तशीच ठेवली, म्हणून बोलावणी बंद झाली. तू झोपलीस की विनी कालवणात पाणी घालून पुन्हा उकळते. डॅडी गेले, त्यात तुला आणखी काय सांगणार?"

"आणि तरी पोराला माझ्याकडे टाकून गेलात?"

 विनी तोंड फिरवून रडू लागली, तीही सासूच्या बाजूला नाही, भिंतीकडे वळून. सगळ्यांनी मिळून एका म्हातारीचं मन जपलं होतं, आणि त्याची किंमत बोलताही न येणाऱ्या पोराने दिली होती.

पहाटे नॅथनला झटके आले. ते थांबले, मग पुन्हा आले. आठवड्याने तो घरी आला. हसतो, आजीला ओळखतो. पण डावा हात उजव्यासारखा चालत नाही. डॉक्टर म्हणतात, सुधारेलही. आता काही सांगता येत नाही. विनीने नोकरी सोडली आहे. ती सासूशी नीट वागते, अगदी नीट, पाहुणीशी वागावं तशी. पोराला मात्र क्षणभरही तिच्याजवळ एकटं ठेवत नाही.

परवाच्या रविवारी विनी नॅथनला घेऊन हाताच्या व्यायामाच्या बाईंकडे गेली होती. खूप दिवसांनी सेलिनाने सुरमईचं कालवण केलं. चाखलं नाही. ॲड्रियनला वाढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"खरं सांग, बाबा. आता तरी खरं सांग. मीठ कसं झालंय?"

ॲड्रियनने घास गिळला. आईचा चेहरा पाहिला.

"बरोबर झालंय, ममा," तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.