मधला खांदा

तळमजल्यावरच्या त्या जिममध्ये तिला सगळ्या वस्तादबाई म्हणत. तिच्या देखत म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. पंचेचाळिशीची, काटक, आवाज असा खणखणीत की गाण्याचा आवाज कमी करावा लागायचा. आलेल्या बायकांना ती आधी आरशासमोर उभं करायची आणि हातात सगळ्यात हलके डंबेल्स द्यायची.

"खांद्याला तीन भाग आहेत. पुढचा, मधला, मागचा. वजन सरळ खाली ओढतं. त्याच्या बरोबर वर जो भाग येईल, त्याच्या मानगुटीवर ओझं बसतं. हात बाजूला, तळवे जमिनीकडे, की मधला भाग वर येतो. हात पुढे सरकला किंवा अंगठा छताकडे वळला, की पुढच्याला काम लागतं. कमरेत वाकून कोपरं मागे नेलीत, तर मागच्याला. आणि खांदे कानाला लावलेत, तर मानच राबते. मधला आळशी आहे बायांनो, जरा ढील दिली की काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो!"

बायका हसायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या काकू मात्र हटकून हात पुढे आणायच्या आणि हटकून बोलणी खायच्या.

एका सकाळी करून दाखवताना वस्तादबाईचं आरशाकडे लक्ष गेलं. उजवा हात नीट बाजूला वर गेला होता. डावा पुढे सरकला होता, अंगठा वर. तिने तो मागे ओढून सरळ रेषेत आणला. तो अर्ध्या वाटेवर थांबला आणि खाली आला. दुखलं काहीच नाही. दुखलं असतं तर बरं, लचक भरली असं तरी म्हणता आलं असतं, असं तिला वाटलं.

त्यानंतर ती लबाडी करू लागली. कुठल्या कोनात कोण राबतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? डावा हात जरासा पुढे, अंगठा वर, खांदा किंचित उचललेला. पुढचा भाग, दंड आणि मान मिळून मधल्याचं काम उरकायचे. बघणाऱ्याला सारं आलबेल. घरी कपडे बदलताना मात्र खांद्याची गोलाई बसलेली दिसायची, आणि कातडीखाली काहीतरी आपोआप थरथरायचं, पाण्याखाली मासोळी हलावी तसं. ती घाईघाईने बाही ओढून घ्यायची.

"डॉक्टरांकडे जाऊन ये," नवरा म्हणाला. तो बसचालक; मोजकंच बोलायचा. "परवा कपाटावरचा डबा काढताना तू हात बदललास. मी पाहिलं."

ती गेली. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर म्हणाले, "हात वर करा." तिने केले. डावा पुढून, अंगठा वर करून, अगदी सफाईने. "छान. दगदग कमी करा," म्हणत त्यांनी गोळ्या दिल्या. बाहेर पायरीवर तिला कळलं की आपण कुणाला फसवून आलो आहोत. तरी ती परत आत गेली नाही.

महिनाभराने आरशासमोर काकूंनी डंबेल्स खाली ठेवले.

"वस्तादबाई, माझा हात पुढे आला की तुम्ही कान उपटता. तुमचा कधीपासून पुढे येतोय?"

"सवय लागली असेल, काकू."

"मग बाजूने उचला. तळवा खाली. वजनाशिवाय."

सगळ्या थांबल्या. तिने हात बाजूला नेला. तो मांडीपासून जेमतेम वीतभर वर आला आणि तिथेच थरथरत राहिला. कुणी हसलं नाही. काकूंनी पुढे होऊन तो हात हळूच खाली घेतला, जसा झोपलेल्या मुलाचा घ्यावा.

या वेळी मोठ्या इस्पितळात ती आधीच म्हणाली, "मी हात पुढे आणून फसवते. मला बाजूलाच उचलायला लावा." डॉक्टरीणबाईंनी डावं कोपर धरून हात पुढे सरकू दिला नाही. मग बारीक सुया खुपसून स्नायूंची तपासणी झाली. डाव्या खांद्यानंतर त्यांनी उजव्यात सुई घातली, मग मांडीत, मग जिभेकडेही पाहिलं. सुयांना जोडलेल्या यंत्रातून कोरडा कडकडाट यायचा, आणि प्रत्येक वेळी त्या कागदावर काहीतरी टिपून घ्यायच्या.

"उजवा तर धडधाकट आहे माझा," वस्तादबाई म्हणाली.

"दिसायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मज्जातंतूच सुकताहेत. त्याची सुरुवात उजव्यातही झाली आहे. पुढे ते जिभेपर्यंतही जाऊ शकतं. वेग कमी करता येतो. थांबवता येत नाही."

नवऱ्याने बस आगारात लावली आणि तो तिला घ्यायला आला. घराचं कुलूप त्याने उघडलं. ती बाजूला उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती जिममध्ये गेलीच. बाकावर बसून शिकवू लागली. एक नवी मुलगी आली होती. तिचे हात पुढे येत होते. "बाजूला ने, तळवा खाली," वस्तादबाई ओरडली. आवाज अजून खणखणीत होता. फक्त शेवटचा शब्द जिभेवर जरासा अडखळला. काकूंनी चटकन मान वळवली. वस्तादबाईने पाण्याचा घोट घेतला, आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश, नीट म्हणून पाहिलं.