ऋण दोनपाशी सेक इन्व्हर्स

लातूरला मी गणित शिकवायला आले तेव्हा मला वाटलं होतं की शिकवायचं असतं. पहिल्याच आठवड्यात क्लासच्या संचालकांनी शेजारच्या खुर्चीवर बसवून समजावलं, "मॅडम, इथं पोरं शिकायला येत न्हाईत, सोडवायला येतात. तुम्ही सोडवून दाखवा." माणूस वाईट नव्हता. मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडपासून त्याने तो क्लास उभा केला होता, आणि पोरांच्या आईबापांना निकाल दाखवल्याशिवाय शेड चालत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

माझं घर नांदेडला. नवरा तिथंच नोकरीला. मी सोमवारी पहाटेच्या बसने लातूर गाठायची आणि शनिवारी परतायची. त्यात आमची गणिताची तुकडी म्हणजे लातुरात सावत्र लेकरू. सगळं गाव डॉक्टर व्हायला निघालेलं. इंजिनिअरिंगवाल्यांना वरच्या मजल्यावरचा तापणारा हॉल आणि खरखर करणारा माइक.

त्या हॉलमध्ये मी त्रिकोणमितीच्या व्यस्त फलनांची विकलजं शिकवायला घेतली. आमच्या छापील नोट्समध्ये सहा सूत्रांचा एक चौकोन होता आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात 'पाठ करा' असं. मी तो चौकोन बाजूला ठेवला आणि फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला.

"वाय म्हणजे साइन इन्व्हर्स एक्स," मी म्हणाले. "म्हणजे वाय हा असा कोन आहे ज्याचा साइन एक्स आहे. मग समोरची बाजू एक्स घ्या, कर्ण एक. तिसरी बाजू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "वर्गमुळात एक वजा एक्स वर्ग."

"बरोबर. आता साइन वाय बरोबर एक्स, याचं दोन्हीकडे विकलन करा. वाय मोकळा करत बसू नका, आहे तसाच राहू द्या. डावीकडे कॉस वाय गुणिले डीवाय बाय डीएक्स, उजवीकडे एक. म्हणजे आपलं उत्तर एक भागिले कॉस वाय. आणि कॉस वाय कुठंय? त्रिकोणात. लगतची बाजू भागिले कर्ण."

एक भागिले वर्गमुळात एक वजा एक्स वर्ग. टॅन इन्व्हर्सलाही तसंच: समोर एक्स, लगत एक, कर्ण वर्गमुळात एक अधिक एक्स वर्ग. सेक वायचा वर्ग म्हणजे एक अधिक एक्स वर्ग, तो खाली गेला की झालं. पाठ करायला काही उरतच नाही. मला अजूनही ते इतकं देखणं वाटतं की शिकवताना आवाज चढतो.

निम्म्या पोरांनी वही उघडली नव्हती. छापील चौकोन होता ना.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. किल्लारीकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. ती पोरींच्या हॉस्टेलवर राहायची, फारसं बोलायची नाही. तास संपल्यावर ती जिन्यात थांबली होती.

"मॅडम, ते वर्गमूळ अधिकच का घेतलं? उणंबी असतंय की."

मी जिन्यातच थांबले. साइन इन्व्हर्सचा कोन उणे नव्वद ते नव्वद अंशांतच असतो, तिथं कॉस कधी ऋण होत नाही, म्हणून अधिक. हे सांगितल्यावर तिने वहीत कोन काढून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजे त्रिकोण नुसती लांबी सांगतो. चिन्ह आपल्याला कोनावरून बघावं लागतं."

हे वाक्य मी फळ्यावर लिहायला हवं होतं इतकं ते नेमकं होतं.

त्या दिवसापासून ती प्रत्येक सूत्राचा त्रिकोण काढू लागली. तास संपला तरी काढायची, चाचणीतही काढायची. आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या चाचण्या वेळेवर चालायच्या. बाकीची पोरं चौकोनातून सूत्र उचलून पुढं जायची, ही पेपराच्या कोपऱ्यात त्रिकोण काढत बसायची. शेवटची पानं कोरी राहायची. मी तिला सांगितलं, "एकदा समजलं ना, आता पाठ कर." ती म्हणाली, "करायलेय मॅडम, पण मग चिन्हाचं लक्षात राहत न्हाई." मीच तिला या रस्त्याला लावलं होतं आणि आता मीच मागून ओढत होते. चीड यायची, पण कुणावर काढावी ते कळत नव्हतं.

मग तुकड्या नव्याने पाडण्याची चाचणी आली. त्या चाचणीच्या निकालावरून वरची तुकडी आणि खालची तुकडी ठरायची. वरच्या तुकडीला जुने, नावाजलेले सर. खालच्या तुकडीला कुणीही. चूक उत्तराला गुण कापले जायचे.

निकाल लागला त्या दुपारी ती स्टाफरूमच्या दारात उभी. वरच्या तुकडीच्या रेषेच्या थोडी खाली आली होती. हातात पेपर.

"मॅडम, ह्या प्रश्नाला मला चूक दिलंय."

प्रश्न होता: सेक इन्व्हर्स एक्सचं विकलज, एक्स बरोबर ऋण दोन असताना. उत्तरसूची म्हणत होती, उणे एक भागिले दोन वर्गमूळ तीन. तिने उणे नसलेला पर्याय निवडला होता.

मी जागेवरच करून पाहिलं. बरोबर तीच होती.

पेपर काढला होता आमच्या ज्येष्ठ सरांनी. दिवसभर तास घेऊन घसा बसलेला माणूस, शिकवायला उत्तम, माझ्याशी नेहमी अदबीने बोलणारा. ते डबा उघडत होते. मी पेपर पुढं केला.

"सर, इथं उत्तर धन येतं."

"कसं येईल? तुमचाच त्रिकोण घ्या," ते हसून म्हणाले आणि पेनाने डब्याशेजारच्या कागदावर त्रिकोण काढला. "कर्ण एक्स, लगत एक, समोर वर्गमुळात एक्स वर्ग वजा एक. सेक वाय टॅन वाय गुणिले डीवाय बाय डीएक्स बरोबर एक. मग एक भागिले एक्स वर्गमुळात एक्स वर्ग वजा एक. आता एक्सला ऋण दोन घाला. काय आलं?"

"पण सर, कर्ण ऋण दोन कसा असेल?"

त्यांनी पेन टेकवून कर्णाकडे पाहिलं.

"तो त्रिकोण धन एक्ससाठी आहे," मी म्हणाले. "सेक वाय ऋण दोन असेल तर वाय एकशे वीस अंश. दुसऱ्या चरणात. तिथं टॅनही ऋण, उणे वर्गमूळ तीन. ऋण दोन गुणिले ऋण वर्गमूळ तीन, गुणाकार धन. म्हणून तर सूत्रात एक्सच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा असतात, म्हणजे एक्सची नुसती धन किंमत घ्यायची. आपल्या नोट्समधून त्या रेघा गळाल्यात."

त्यांनी कागद स्वतःकडे वळवला, एकदा पुन्हा करून पाहिलं. "हाव," ते हळू म्हणाले. "बरोबर आहे तुमचं." मग डब्याकडे पाहत म्हणाले, "पण मॅडम, निकाल ग्रुपवर गेलाय. आता हे काढलं तर पालक म्हणतील, बाकीचे प्रश्न तरी बरोबर होते का. सकाळपासून मी बोलायलोय, माझ्याच्याने आज भांडण व्हायचं न्हाई. तुम्ही संचालकांशी बोला."

संचालकांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी शांतपणे. मी त्रिकोण दाखवायला लागले तर त्यांनी हात वर केला. "मॅडम, बरोबर कुणाचं ते तुम्ही दोघांनी ठरवलंय ना? झालं. त्या प्रश्नाला सगळ्यांना पूर्ण गुण देऊन टाकू. कुणाचीच तक्रार न्हाई."

"पण ज्यांनी चूक उत्तर दिलं त्यांनाही गुण?"

"मग त्यांचे काढून घेऊ? पन्नास फोन येतील मला."

"सर, तिचं बरोबर आहे आणि त्यांचं चूक. गुण दोघांना सारखेच, मग चाचणी कशाला घेतली?"

"मॅडम," ते म्हणाले, "लई ताणू नका."

सगळ्यांना गुण मिळाले. ती यादीत थोडी वर सरकली, पण तिच्या वरच्या पोरांचे चुकीच्या उत्तराचे गुण जागेवरच राहिल्याने रेषेच्या खालीच उरली. उत्तरसूची दुरुस्त केली असती तर ती वरच्या तुकडीत गेली असती. हे मी हिशेब करून पाहिलं होतं आणि संचालकांनाही दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली आणि फोन उचलला.

तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, "पण उत्तर माझंच बरोबर होतं ना मॅडम?"

"होतं."

"मग ठीक हाय."

ठीक काहीच नव्हतं. मला वाटत होतं, तिने चिडायला हवं. ती शांतपणे पेपराची घडी घालून खालच्या मजल्यावर गेली, आणि मी स्टाफरूममध्ये उगाच खडूचा डबा आवरत बसले. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "एका वजाच्या चिन्हासाठी नोकरी घालवशील का?" मी फोन ठेवला. इतक्या महिन्यांत मी त्याला त्रिकोण समजावले नव्हते, एका फोनमध्ये कुठून समजावणार.

दुसऱ्या दिवशी मी ज्येष्ठ सरांचा एक तास मागून घेऊन वरच्या तुकडीत सेक इन्व्हर्स पुन्हा घेतला. आलेख काढला. एकापासून उजवीकडे आणि उणे एकपासून डावीकडे, दोन तुकडे, दोन्ही चढतेच. "चढत्या आलेखाचा उतार ऋण कसा असेल?" असं विचारलं. पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. मला बरं वाटलं. "मॅडम, हे येणार हाय का परीक्षेला?"

नोट्सच्या पुढच्या छपाईत उभ्या रेघा घालाव्यात म्हणून मी संगणकावर काम करणाऱ्या माणसाला तीनदा सांगितलं. छपाई आली. रेघा नव्हत्या. तो म्हणाला, फाइल जुनीच गेली.

दिवाळीनंतर ती मुलगी आली नाही. हॉस्टेलच्या बाईंकडून कळलं की घरच्यांनी क्लासमधून नाव काढून घेतलं. खालच्या तुकडीत ठेवायचंच असेल तर गावाजवळच्या कॉलेजात काय वाईट, असं वडील म्हणाले म्हणे. त्यांचं चुकत नव्हतं. मी फोन करायला नंबर मिळवला आणि केला नाही, कारण परत ये म्हणायला माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? खालची तुकडी?

मी वर्ष पूर्ण करून नांदेडला परतले आणि एका ज्युनिअर कॉलेजात लागले. इथं पोरं हजेरीपुरती येतात. बाकी वेळ त्यांचेही क्लास असतात.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या फाटकाशी कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली. तीच होती. नांदेडलाच इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. अंगाने भरली होती, बोलण्यात धीर आला होता. चहा घेतला. घरचं विचारलं, हॉस्टेलचं विचारलं. मग मला राहवलं नाही, मी विचारलं, "त्रिकोण काढतेस का अजून?"

ती हसली. "न्हाई मॅडम. तक्ता पाठ केलाय सगळा. वेळ वाचतोय लई."

"उभ्या रेघांसकट?"

तिने जरा विचार केला. "कसल्या रेघा?"

चहावाल्याने कप उचलले. मी पिशवीतून कागद काढला, पेन शोधलं, आणि तिथंच बाकड्यावर कर्ण एक्स, लगत एक असा त्रिकोण काढायला घेतला. तिने घड्याळाकडे पाहिलं. तिचं प्रॅक्टिकल होतं. "पुढच्या वेळी दाखवा मॅडम, नक्की," ती म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि गेली. मी समोरची बाजू लिहून पूर्ण केली, कागद घडी करून पिशवीत टाकला आणि तासाला गेले.