तीन वाजताची रिंग

तेलगावच्या दूध शीतकरण केंद्रात नऊ वर्षं एकट्यानं काढून रामेश्वर पुण्याला गेला. जाताना त्याच्या जागी आलेल्या वनमालाला त्यानं मारुतीच्या शेपटीएवढा ईमेल धाडला. सगळी नुसती खिचडी!

वनमालाला घोळ खपत नसे. तिनं एकेक वाक्य उचलून यंत्रानुसार गट पाडून चेकलिस्ट केली. ‘टाकी’ या गटाखाली चार अंश तापमान, ‘जनरेटर’खाली डिझेल, ‘कॉम्प्युटर’खाली बॅकअप. एक ओळ उरली: ‘रोज दुपारी तीनला आपल्या मोबाइलवरून ऑफिसच्या फोनला रिंग द्यावी.’

‘लाइन तपासायची असंल,’ म्हणत तिनं ती ‘टेलिफोन’खाली टाकली.

सकाळचं दूध घालून लोक गेले, की संध्याकाळपर्यंत टाकीच्या घरघरीशिवाय सोबत नसे. महिनाभर तिनं रोज रिंग दिली, खूण केली. लाइन एकदाही बंद नव्हती. मग एका दुपारी तशीच रिंग देताना घंटा वाजली आणि तिनं नकळत रिसीव्हर उचलला.

‘हॅलो, कोण बोलतंय?’

मोबाइलमधून तिचाच आवाज आला.

रिसीव्हर ठेवून तिनं ती ओळ ‘टेलिफोन’खालून खोडली. कागदाच्या तळाशी नवा गट केला, ‘इथं बसणारं माणूस’, आणि तिथं लिहिली.

त्या गटात तेवढं एकच काम होतं.