माफीच्या पत्रातली दोन बोटं

तुमच्या तिकडच्या दंतवैद्याने तुम्हाला अर्धा तास ताटकळत ठेवलं आणि मग छापील कार्ड पाठवून दिलगिरी व्यक्त केली, असं तुम्ही कळवलंत. सोबत 'आजी, आजोबा असं कार्ड पाठवायचे का गं?' असंही विचारलंत. कार्ड नव्हतं आमच्याकडे. पण एकदा एक पत्र गेलं होतं, पालघरहून शिरगावला. त्याची हकीकत लिहिते.

साठ ते सत्तरच्या मधली ही गोष्ट. पालघरला स्टेशनच्या बाजूला आमचं घर होतं आणि पुढच्या दोन खोल्यांत तुमच्या आजोबांचा दातांचा दवाखाना. एक खोली खुर्चीची, दुसरी औषधांची. पेशंट पडवीतल्या बाकावर बसत. खुर्ची एकच, डॉक्टरही एकच. कंपाउंडर गावी गेला की त्याच्या जागी मी. वेळा देणं, हत्यारं उकळणं, पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडे होतं. त्या दिवशी कंपाउंडर गावीच होता.

सकाळी दहाची वेळ शिरगावच्या एका बागायतदारांना दिली होती. साठीच्या पुढचे गृहस्थ, नारळी-केळीची वाडी आणि पानवेलींचा मळा. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. खालची दाढ किडलेली होती आणि उजवा गाल सुजून आला होता. ते दहाच्या आधीच येऊन छत्री मांडीवर आडवी ठेवून बाकावर बसले. मी त्यांना आत बोलावणार, इतक्यात पडवीच्या पायऱ्यांशी टांगा थांबला.

टांग्यातून एक कोळीण उतरली आणि तिने आपल्या सुनेला धरून उतरवलं. सुनेच्या तोंडावर पदर होता, आणि तो लाल झालेला. आदल्या दिवशी कुठल्याशा बाजारात एकाने तिची दाढ उपटली होती. रक्त थांबेना, म्हणून घरी रात्रभर मिठाच्या पाण्याच्या चुळा चालल्या होत्या. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिला उभं राहवत नव्हतं.

आजोबांनी तिला सरळ खुर्चीत घेतलं. प्रत्येक चुळीबरोबर जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघून जात होती आणि पुन्हा वाहायला लागत होतं, असं ते काम करता करता मला सांगत होते. त्यांनी जखम साफ केली, बधिर केली, रेशमाचे टाके घातले, वर कापसाच्या जाळीची घडी ठेवून तिला चावून धरायला लावली. एकदा थांबलं असं वाटलं आणि पुन्हा आलं. टाके काढून परत घातले. मी दिवा आणि भांडं धरून उभी. त्या सगळ्यात बाहेर कोण बसलंय याची आम्हा दोघांनाही आठवण राहिली नाही.

रक्त थांबलं तेव्हा दुपार कलत होती. मी हात धुऊन पडवीत आले. आबा उठून उभेच होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या घड्याळात दहा कधी वाजतात ते कळवा. तेव्हा येईन."

मी काही बोलायच्या आत छत्री काखेत मारून ते बसच्या दिशेने चालते झाले. मी आत जाऊन आजोबांना सांगितलं, "आबा गेले. फार रागावलेत. दात आवळून बोलत होते अगदी."

आजोबांचा हात नळाखाली थांबला.

"दात आवळून म्हणजे? तोंड उघडतच नव्हतं का?"

मला रागच दिसला होता. आता आठवून पाहिलं, तर ओठ हलत होते, पण दात एकमेकांपासून हलत नव्हते. तसं सांगितल्यावर ते टॉवेलने हात पुसत दारापर्यंत गेले. रस्त्यावर धूळच होती, बस निघून गेली होती.

"ते रागावलेत हे खरं असेल," ते म्हणाले, "पण जबडाही आवळला असणार. पू आत पसरतोय. तो गळ्याकडे उतरला तर श्वासच कोंडतो. हा माणूस आज परत यायला हवा."

शिरगावला फोन कुठला! पोस्टाचं पत्र उद्या-परवा पोचणार. आजोबांना निघता येत नव्हतं, कारण सुनेला अजून तासभर नजरेखाली ठेवायचं होतं. पुन्हा वाहायला लागलं असतं तर हाताशी दुसरं कोणी नव्हतं. ती कोळीण खुर्चीच्या पायाशी बसून हे ऐकत होती.

"आबा वाडीवाले ना? आमी पण शिरगावचीच हाव," ती म्हणाली. "चिठी द्या, बाय. घरी जाता जाता देतंय."

मी टेबलाशी बसले आणि झरझर लिहिलं. अपरिहार्य कारणास्तव आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपण पुनश्च वेळ घ्यावी, अशा अर्थाचं. शुद्ध, नीटनेटकं. आजोबांनी वाचलं.

"हे रेल्वेने लिहिल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "हे वाचून कोणी परत येतं का? घे, मी सांगतो."

ते सुनेच्या तोंडातली घडी बघत सांगत गेले आणि मी लिहीत गेले. ते पत्र मला अजून बरंचसं आठवतं.

"तुम्हाला दहाची वेळ देऊन दुपारपर्यंत बाकावर बसवलं. तुम्ही दुखणं घेऊन आलात आणि तसंच घेऊन परत गेलात. याची मी माफी मागतो. एका पेशंटचं रक्त थांबत नव्हतं, त्यामुळे मला खुर्चीपासून हलता आलं नाही. पण बाहेर येऊन तुम्हाला तेवढं सांगणं आमच्याच्याने होण्यासारखं होतं, ते झालं नाही. उद्या पहिल्या बसने यावं. तुमच्या आधी कोणी असणार नाही."

"कोणाचं रक्त ते लिहू? त्यांच्याच गावची आहे, राग लवकर जाईल," मी विचारलं.

"छे. दुसऱ्या पेशंटचं नाव-गाव आपण का सांगायचं? पुढे लिही. 'आता माझं एक काम करा. पत्र वाचताच दोन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. दोन्ही जात नसतील, किंवा थुंकी गिळताना दुखत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. मिळेल त्या गाडीने आज या. गालाला शेक देऊ नका.'"

माझी लेखणी थांबली. "माफीच्या पत्रात तोंडात बोटं घाला म्हणून लिहायचं? आधीच चिडलेत ते."

"चिडू देत. बोटं घालून चिडू देत."

तासाभराने सुनेचं तोंड पुन्हा पाहून, दोन दिवस चूळ भरायची नाही, आज बोलायचंही नाही असं बजावून आजोबांनी त्यांना जाऊ दिलं. पत्र कोळणीने कमरेला खोचलं. पुढचं तिने मला आठवड्याने सांगितलं, सुनेचे टाके काढायला आली तेव्हा. टाके राहिले बाजूला, आधी तिने खालीच बसकण मारली.

टांगा आबांच्या घरापाशी थांबवून ती पत्र द्यायला गेली, तर आबा पडून होते आणि त्यांची बायको तव्यावर मीठ गरम करून गाल शेकत होती. पत्र डॉक्टरांचं आहे म्हटल्यावर आबांनी हातानेच खूण केली, खिडकीत ठेव.

"मी बोलले, आबा, वाचा. वाचल्याबिगर मी हितून हलणार नाय. टांग्यात सून बसलीय, तिला बोलायचं नाय. हितं तुमी, तुमाला वाचायचं नाय. मी एकटी कुनाकुनाशी डोकं फोडू?"

तरी आबा हलेनात. तेव्हा तिने स्वतःच सांगून टाकलं. "तुमचा नंबर आमी खाल्ला. माजी सून होती ती आत. राग करायचा तर माज्यावर करा, डाक्टरवर नको."

आबा उठून बसले. चष्मा मागितला, पत्र वाचलं. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी दोन बोटं तोंडाशी नेली. बोटं दातांवर आपटून थांबली. एक बोट काढून घेतलं, तेव्हा उरलेलं कसंबसं आत गेलं.

"मी बोलले, एकच गेलं हो, आबा! हे बघा," आणि तिने आपली दोन बोटं सरळ तोंडात घालून दाखवली. "आबांची बायको तर तवा टाकून रडायलाच लागली."

त्या वेळी बस नव्हती. पण किनाऱ्यावरून मासळीच्या टोपल्या घेऊन पालघर स्टेशनला जाणारा ट्रक निघायच्या बेतात होता. कोळणीने रस्त्यात उभं राहून तो थांबवला. उभ्या जन्मात मासळीला न शिवलेले आबा ड्रायव्हरशेजारी नाकाला उपरणं लावून बसले आणि त्यांच्या शेजारी बायको.

उन्हं उतरत होती. मी पडवीत दिवा लावायला गेले, तर ट्रक समोर उभा. आबा उतरले. नुसतं एक बोट वर करून मला दाखवलं. मी धावत आत गेले.

आजोबांनी आधी गळा बाहेरून चाचपला. "अजून गळ्यात उतरलेलं नाही," ते म्हणाले. दाढ काढायला तोंड उघडायलाच हवं, ते तर उघडत नव्हतं. म्हणून त्यांनी गाल बाहेर ओढून, हिरडीशेजारच्या फुगवट्यावर बधिर करणारा थंड फवारा मारून तिथे छोटा छेद दिला. पू भांड्यात आला. वासाचं काही सांगत नाही. पेनिसिलिनची आधी हातावर चाचणी केली, मग इंजेक्शन दिलं.

आबांनी डोळे मिटून घेतले. दोन रात्रींची झोप नव्हती त्यांना. ठणका उतरत गेला तसे खांदे सैल पडले. मी रुमाल पुढे केला, तर डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत, अजूनही आवळलेल्या दातांतून म्हणाले,

"वाजले का दहा?"

आजोबा इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. आबांची बायको रडता रडता हसायला लागली आणि मग मीही. रात्री दोघं आमच्याकडेच राहिली, सकाळचं इंजेक्शन इथेच द्यायचं होतं. पेजेच्या दोन वाट्या पिऊन आबा झोपले, ते उन्हं अंगणात आली तरी उठले नाहीत. त्यांची बायको सारखी जाऊन श्वास बघून येत होती.

तीन-चार दिवसांनी दाढ काढायला आबा पहिल्या बसने आले. पायरीवरच थांबून, नमस्कार करायच्या आधी त्यांनी दोन बोटं एकावर एक धरून तोंडात घातली. दोन्ही गेली. वर विड्याच्या पानांची एक चळत माझ्या हातावर ठेवली, आपल्या मळ्यातली.

"चला, आत चला," असं मी म्हणणार, तोच आतून एका मुलाचं रडणं ऐकू आलं. सकाळी खेळताना पडून त्याने पुढचा दात हलवून घेतला होता आणि आजोबा तो बांधत होते. पत्रात तर लिहिलं होतं की तुमच्या आधी कोणी असणार नाही. पण या वेळी मी बाहेरच उभी राहिले.

"आबा, एक मूल पडलंय. दात बांधायला वेळ लागेल. किती ते मला सांगता येत नाही."

आबांनी बाकावर बसून छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"सांगितलंत ना," तोंड चांगलं उघडून ते म्हणाले, "मग बसतो."