तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेची इंग्रजी ईमेल

तिला मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. सहा वर्षं ती माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहिली आणि मला तिची फक्त पावलं ठाऊक होती. सकाळच्या पाळीला भराभर, दुपारच्या पाळीला सावकाश. एका छोट्या दवाखान्यात ती शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करते, हे मला तिच्या सासूबाईंकडून कळलं होतं. वर त्या दोघीच राहायच्या. ती काय वाचते, कशाला हसते, काहीच माहीत नव्हतं. मला लिहायची सवय नाही. तरी जे पाहिलं तेवढं लिहून ठेवतो.

एका सकाळी आठच्या सुमारास बेल वाजली. दारात ती, हातात वहीचं पान, आणि मागे सासूबाई.

"काका, तुम्ही ऑफिसात पत्रव्यवहार बघायचात ना?"

"आवक विभागात होतो. आलेली पत्रं उघडून पुढे पाठवायची, एवढंच," मी खरं ते सांगितलं.

"एवढंच कशाला, तीस वर्षं तेच केलंत," सासूबाई खुर्ची ओढत म्हणाल्या.

आदल्या दिवशी तिनं एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत दिली होती. समोर तिघं होते: मुख्य परिचारिका, एक सर्जन आणि भरती बघणाऱ्या बाई. दुसऱ्या दिवशी आभाराची ईमेल पाठवावी असं तिला मैत्रिणीनं सांगितलं होतं, आणि हॉस्पिटलचा सगळा कारभार इंग्रजीत. तिनं मराठीत लिहून आणलं होतं. मोबाइलकडून इंग्रजी करून पाहिलं होतं.

"चुकीचं नाहीये. पण मी बोलतेय असं वाटत नाही."

"आधी बसा तुम्ही," मी म्हणालो.

"मला अहो-जाहो नको, काका. अंगावर काटा येतो."

पान वाचलं. तुमचा मौल्यवान वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. माझं शिक्षण कमी आहे, इंग्रजी कच्चं आहे, तरी पदरात घ्यावं. जन्मभर ऋणी राहीन.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही, ही माझी चूक. मी जुन्या वळणाचा माणूस. कागद घेतला आणि 'मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टू स्टेट'पासून सुरुवात केली. 'हंबली' तीनदा आलं. वाचून दाखवलं.

"याचा अर्थ सांगा," ती म्हणाली. "प्रत्येक ओळीचा. त्यांनी फोन करून विचारलं तर मला सांगता यायला हवं."

मी मराठीत सांगत गेलो आणि माझाच आवाज खाली खाली गेला.

"हे तर पाय धरणं झालं," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाआधी आमच्याकडे आली होती तेव्हा इतकी वाकली नव्हती. उलट मलाच विचारलं होतं, घरात पाणी किती वाजता येतं."

तेव्हा मला माझं टेबल आठवलं. आवक विभागात दोन तबकं असायची. विनवण्यांची पत्रं डाव्या तबकात जायची. तिथून ती क्वचितच हलायची. ज्या पत्रात दोन ओळींत काय ते कळायचं, ते उजव्या तबकात, साहेबांकडे. कोणी शिकवलं नव्हतं, हातच तसा वळायचा. आणि मी हिचं पत्र स्वतःच्या हातानं डाव्या तबकात ठेवत होतो. हे तिला सांगितलं.

ती म्हणाली, "आमच्याकडे हत्यारांच्या पाकिटाला एक टेप लावतात. वाफेच्या मशीनमधून गेली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. पाकीट आत जाऊन आलंय, एवढंच ती सांगते. त्याहून जास्त नाही."

"मग तसंच लिहू," मी म्हणालो. "काल त्यांनी काय विचारलं?"

तेच तिला रात्रभर खुपत होतं. मुख्य परिचारिकेनं विचारलं होतं, सगळी प्रक्रिया झाली, टेपवर पट्टे आले, पण पाकीट ओलं निघालं आणि आत सर्जन वाट बघताहेत, तर काय कराल? ही म्हणाली, देणार नाही. पण पुढचं इंग्रजीत जुळेना. तिघांनी मान हलवून पुढचा प्रश्न घेतला.

"पुढचं काय होतं?"

"ओलं पाकीट म्हणजे निर्जंतुक धरायचंच नाही. नवीन बांधून पुन्हा मशीनला लावायचं. त्याच वेळी आत गेलेली बाकीची पाकिटं तपासायची. आणि कारण शोधायचं. जास्त भरलं का, वाळायला वेळ कमी दिला का." हे सांगताना ती मुळीच अडखळली नाही.

मी मात्र घाबरलो. "ते राहू दे. आपणच कशाला आठवण करून द्यायची? विसरलेही असतील."

"ते विसरले असतील, मी नाही."

"लिहा हो," सासूबाई म्हणाल्या. "झाकून ठेवलं की घरभर वास येतो."

मग मी नव्यानं लिहिलं, आणि या वेळी दुसऱ्या टोकाला गेलो. ही या कामातली तज्ज्ञ आहे, असं वाक्य टाकलं. तिनं अर्थ ऐकला आणि पेन घेऊन स्वतः खोडलं.

"तज्ज्ञ नाही. अकरा वर्षं रोज करतेय, हे लिहा."

शेवटी उरल्या सहा ओळी. विषयात 'थँक यू' आणि पदाचं नाव. काल वेळ दिल्याबद्दल तिघांचे आभार. नवीन विभाग दाखवलात, तिथली कामाची मांडणी आवडली. ओल्या पाकिटाबद्दलचं माझं उत्तर पूर्ण करू इच्छिते, आणि ते दोन वाक्यांत. अकरा वर्षं हेच काम रोज करते आहे आणि तुमच्याकडे करायला आवडेल. आणखी काही माहिती हवी असेल तर जरूर कळवा. खाली नाव आणि फोन. क्षमा कुठेच नाही, ऋण नाही. भरतीच्या बाईंचं नाव कार्डावरून एकेक अक्षर ताडून घातलं. ईमेल त्यांनाच, बाकी दोघांना आभार कळवण्याची विनंती एका ओळीत.

"हे थोडं कोरडं नाही ना वाटत?" तिनं विचारलं.

"माझ्या इंग्रजीचा मलाच भरवसा नाही," मी म्हणालो. "पण हे मी उजव्या तबकात ठेवलं असतं."

"आमच्याकडे कोरडंच पास होतं, काका," असं म्हणून तिनं बटण दाबलं. दहा वाजले होते. दोनच्या पाळीला ती गेली तेव्हा पावलं सावकाश नव्हती, एवढं मी ऐकलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. प्रत्यक्ष काम दाखवायला बोलावलं होतं, आणि खाली मुख्य परिचारिकेचा निरोप होता: बाकीची पाकिटं कशी तपासाल, ते करून दाखवा. ते तर तिच्या हातातलंच होतं. पुढच्या महिन्यापासून तिला घेतलं.

ईमेलनं काम झालं असं मी म्हणणार नाही. काम तिला येत होतं, आम्ही ते झाकलं नाही, इतकंच.

हॉस्पिटल लांब आणि पाळ्या वेळी-अवेळी, म्हणून दोघींनी तिकडेच घर घेतलं. निघायच्या दिवशी खाली सामानाची गाडी उभी होती. सासूबाई पुढे बसून ड्रायव्हरला रस्ता शिकवत होत्या. मला तिला बरंच विचारायचं होतं. जिन्यात ती भेटली, हातात बादली.

"काका, वरची किल्ली पहिल्या मजल्यावर दिलीय. मीटर बघायला कोणी आलं तर सांगाल?"

"सांगेन."

"आणि ही बादली ठेवता? गाडीत जागा नाही."

"ठेव ना."

"येते मग."

"ये. सावकाश जा."